नहपानाच्या चेहऱ्यावरचा डोंगर

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्याच्या ओवरीत भिंतीवर एक हिशेब कोरलेला आहे. क्षहरात घराण्यातला शक क्षत्रप, म्हणजे राजा, नहपान याचा जावई उषवदात याने भिक्षुसंघाला लेणं तर दिलंच, वर ३,००० कहापणांची, म्हणजे तेव्हाच्या चांदीच्या नाण्यांची ठेवही दिली. ही रक्कम संघाच्या हाती मात्र दिली नाही. गोवर्धन म्हणजे नाशिकजवळचं तेव्हाचं व्यापारी गाव. तिथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघटनेकडे २,००० ठेवले, व्याज शेकडा एक. विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे १,००० ठेवले, व्याज शेकडा पाऊण. मुद्दल कधीच परत करायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कहापण चीवरासाठी, म्हणजे कपड्यांसाठी.

आता हे मांडून बघा. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे वीस. दरमहा धरलं तर वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीसच. एकही कहापण शिल्लक राहत नाही, एकही कमी पडत नाही. हे सगळं निगमसभेत, म्हणजे गावच्या सभेत वाचून दाखवलं आणि दप्तरी नोंदवलं, असंही लेख सांगतो.

पांडवलेण्याला जाणारी बहुतेक मंडळी दहा मिनिटांत बुद्धमूर्ती बघून, खाली महामार्गाचा फोटो काढून परततात. त्यांना नावं ठेवायचा हेतू नाही, ब्राह्मी अक्षरं वाचता येत नसतील तर ती भिंत नुसती खरबरीतच दिसते. मला मात्र त्या भिंतीवरचं दान फारसं भावत नाही, तिच्यामागचा विश्वास चकित करतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एक शक सरदार गृहीत धरतो, की कहापण नावाचं एकक पुढच्या वर्षी, पुढच्या पिढीत, भिक्षूंची नावं बदलली तरी तसंच राहील. कापड विणणारे लोक ते गृहीत धरून कायमचं कर्ज घेतात. आणि चांदी तोलायचा विषयच निघत नाही. मोजायची, बस्स. त्याच लेखात पुढे देवाब्राह्मणांना दिलेले ७०,००० कहापण येतात, त्यांचे सोन्यात २,००० सुवर्ण होतात, कारण पस्तीस कहापणांना एक सुवर्ण. म्हणजे विनिमयाचा दरसुद्धा शिळेवर.

चांदी तोलण्यापासून चांदी मोजण्यापर्यंत माणसं कशी पोचली, आणि त्यात राजांचं काय फावलं, हा प्रश्न त्या ओवरीत उभं राहिल्यावर सुटत नाही.

नाण्याचा सगळ्यात जुना पुरावा आपल्याकडचा नाही, तो आजच्या तुर्कस्तानातल्या लिडियाचा. सोनं आणि चांदी यांच्या मिश्रधातूच्या लहान गोळ्यांवर तिथे इसवी सनापूर्वी सातव्या शतकात ठसे उमटू लागले. भारतात नाणं आलं ते वेगळ्याच वाटेने आणि वेगळ्या रूपात. तिकडे धातूचा गोळा साच्यावर ठेवून हाणायचे. इकडे चांदीचा पत्रा ठोकून पातळ करायचे, त्याच्या पट्ट्या कापायचे, पट्ट्यांचे तुकडे करायचे. तुकडा वजनात जास्त भरला तर कोपरा कातरायचा. म्हणून ही नाणी वेडीवाकडी, चौकोनी, एखादा कोपरा उडालेली दिसतात. मग त्यावर छोट्या छोट्या ठशांनी एकेक चिन्ह मारायचं, सूर्य, सहा आरांचं चक्र, हत्ती, डोंगर, झाड. यांना आपण आहत नाणी म्हणतो, ठोकून चिन्हं उमटवलेली म्हणून. गंधारातल्या वाकड्या चांदीच्या कांड्या सोडल्या, तर उत्तर भारतभर चाललेलं प्रमाण बत्तीस गुंजांचं होतं, आजच्या मापाने साधारण ३.४ ग्रॅम. हाच कार्षापण, प्राकृतात कहापण. भारहुतच्या स्तूपावर एक शिल्प आहे, अनाथपिंडिकाने जमीन नाण्यांनी झाकून जेतवन विकत घेतलं त्या कथेचं. बैलगाडी सोडलेली आहे आणि माणसं जमिनीवर तुकडे अंथरताहेत. ते सगळे तुकडे चौकोनी आहेत. शिल्पकाराच्या डोळ्यांपुढे नाणं म्हटलं की चौकोनच असणार.

या नाण्यांवर राजाचं नाव नाही. चेहरा नाही. एक अक्षरही नाही. मग ती कोणाची?

या प्रश्नाला सर्वांत अनोख्या वाटेने भिडला तो एक गणिती, दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात जन्मलेले, पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे कोसंबी १९४० च्या सुमारास आहत नाण्यांकडे वळले. इतिहासकार चिन्हांचे अर्थ लावण्यात गुंतले होते, तेव्हा कोसंबींनी तराजू घेतला. त्यांचा मुद्दा साधा होता. टांकसाळीतून निघालेलं नाणं हातोहात फिरतं, झिजतं. जितकं जास्त फिरलं तितकं सरासरी वजन कमी, आणि एकाच जातीच्या नाण्यांच्या वजनांतला फरकही वाढलेला, कारण सगळी सारखी झिजत नाहीत. हा नियम खरा आहे का, हे पाहायला त्यांनी चलनातली त्यांच्या काळातली नाणीही तोलली. मग तक्षशिलेला १९२४ मध्ये सापडलेल्या ठेव्याकडे वळले. त्या ठेव्यात हजाराच्या वर आहत नाणी होती आणि त्यांच्या सोबतीला अलेक्झांडरची दोन कोरी करकरीत नाणी, त्यामुळे ठेवा कधी पुरला गेला याचा अंदाज होता.

आहत नाण्यांच्या पुढच्या बाजूला पाच चिन्हांचा संच असतो, तो एकाच जातीच्या सगळ्या नाण्यांवर सारखा. मागच्या बाजूला मात्र लहान लहान खुणा असतात, कुठे एक, कुठे सात-आठ, कुठे एकही नाही. कोसंबींना दिसलं ते असं, की मागच्या खुणा जितक्या जास्त तितकं नाणं हलकं. म्हणजे खुणा काळाबरोबर वाढल्या होत्या. नाणं एखाद्या सराफाकडे किंवा व्यापारी संघाकडे आलं, त्याने तोलून पारखून 'ठीक आहे' म्हणून आपली खूण मारली, पुढच्याने पुन्हा मारली. पुढची बाजू राज्याची, मागची बाजारपेठेची.

कोसंबींनी या आधारावर राजांची जी क्रमवार यादी लावली तिच्यातली सगळी नावं आज कोणी जशीच्या तशी मान्य करत नाही. पण मूळ निरीक्षण पक्कं आहे, आणि त्यातून मला जे वाटतं ते असं. चांदीच्या तुकड्याची हमी आधी व्यापाऱ्यांनीच परस्परांना दिली असावी, कारण गरज त्यांची होती. दर सौद्याला तराजू काढणं, कस लावणं, आतमध्ये तांबं भरलंय का ते पाहायला छेद देणं, यात वेळ जातो आणि भांडणं होतात. राजाने पुढे येऊन ती हमी आपल्याकडे घेतली. ती घेताना फुकट घेतली नाही.

फुकट घेतली नाही म्हणजे काय, ते कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सविस्तर आहे. ग्रंथाचं आजचं रूप मौर्यांच्या नंतरचं, इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतलं असावं असं अनेक अभ्यासक मानतात, म्हणजे काळ आपल्या उषवदाताच्याच आसपासचा. त्यात टांकसाळीचा अधिकारी लक्षणाध्यक्ष चांदीचं 'पण' हे नाणं कसं पाडतो ते दिलंय. सोळा माषांत चार माष तांबं, एक माष लोखंड, कथील, शिसं किंवा सुरमा यांपैकी काहीतरी, उरलेली अकरा माष चांदी. म्हणजे सोळा माष चांदीच्या नावाने चालणाऱ्या तुकड्यात अकराच माष चांदी. थोडं तांबं घातल्याने नाणं कठीण होतं, कमी झिजतं, हे खरं. पण त्यासाठी सोळातले पाच हिस्से मिसळायची गरज नसते. उरलेला फरक राजाचा. मौर्यकाळाच्या उत्तरार्धातल्या नाण्यांत तांबं वाढत गेलेलं कोसंबींनीही नोंदवलंय.

त्याहून मला मोलाचं वाटतं ते पुढचं वाक्य. रूपदर्शक नावाचा नाणेपारखी दोन प्रकारचं चलन ठरवून देतो, 'व्यावहारिकी' आणि 'कोशप्रवेश्या'. बाजारात चालणारं एक आणि राजाच्या कोषात जाऊ शकणारं एक. सगळी कळ इथे आहे. बाजारात तुम्ही काहीही चालवा, कवड्या चालवा, धान्य चालवा, शेजारच्या राज्यातली चांदी चालवा. पण जकात, दंड, कर भरायला आलात की आम्ही म्हणू तेच नाणं. मग ते नाणं मिळवायला माल विकावा लागतो, किंवा चांदी घेऊन टांकसाळीत जावं लागतं आणि तिथे आकार भरावा लागतो. ते आकारही दिलेत. शेकडा आठ नाणं पाडण्याचे, शेकडा पाच व्याजी म्हणजे अधिभार, आणि पारखण्याचा शेकडा एक अष्टमांश. बेरीज तेरा आणि वर अष्टमांश. चांदीतल्या मिसळीचा फायदा वेगळाच.

दुसरं टोक पगाराचं. याच ग्रंथात वेतनांची यादी आहे. पुरोहित, सेनापती, युवराज यांना ४८,००० पण, शिकलेल्या पायदळ सैनिकाला ५००, अगदी खालच्या नोकराला ६०. धान्यावर सैन्य पोसायचं तर धान्य जिथे पिकतं तिथेच ते ठेवावं लागतं, किंवा गाड्याच्या गाड्या सोबत हाकाव्या लागतात. रोखीने पगार दिला की सैनिक जाईल तिथे विकत घेऊन खातो आणि मागून बाजार येतो. ग्रंथकर्त्याने इथे एक खास मसलत दिली आहे, जी वाचून मी मोठ्याने हसलो होतो. मोहिमेवर असताना व्यापाऱ्याच्या वेषातल्या माणसांनी राजाचा माल सैनिकांना दुप्पट वसुलीच्या बोलीवर द्यावा. त्याने राजाचा माल खपतो आणि, त्याच्याच शब्दांत, 'वेतनप्रत्यादान' होतं. दिलेला पगार परत येतो. कंपनीच्या कँटीनचं बिल पगारातून कापून जाणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगायची गरज नाही.

हे चक्र सर्वदूर फिरत होतं असं मात्र समजू नये. जमिनीचा मुख्य हिस्सा धान्यातच घेतला जाई. लुंबिनीच्या लेखात अशोक त्या गावाचा वाटा आठव्या हिश्श्यावर आणतो, तो पिकाचाच. आणि अर्थशास्त्र स्वतःच सांगतं, की कोषात चणचण असेल तर राजाने वनोपज, जनावरं, शेतं द्यावीत आणि रोकड थोडीच. नाण्याची पकड होती ती घाटवाटांवर, बंदरांवर, शहरांत आणि छावण्यांत. खेड्यातल्या कुणब्याने चांदीचा कहापण वर्षातून किती वेळा हातात धरला असेल, मला शंकाच आहे. उषवदात शेत विकत घेतो ते ४,००० कहापणांना, एका ब्राह्मणाकडून, आणि ते पुढे लेण्यातल्या भिक्षूंच्या अन्नासाठी देतो. हे सौदे वरच्या थरातले.

आता पुन्हा नाशिककडे. नहपानाच्या हाती उत्तर कोकण, गुजरातचा किनारा आणि नाशिकची घाटमाथ्याची पट्टी होती, म्हणजे नेमकी जिथे नाण्याची पकड बसते ती जागा. त्या काळच्या एका ग्रीक दर्यावर्द्याने लिहिलेल्या प्रवासवर्णनात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे, तिच्यात रोमन सोन्याचांदीची नाणी येतात. स्थानिक चलनाशी त्यांची अदलाबदल केली की नफा होतो, असं तो स्पष्ट सांगतो. पैठण आणि तेरहून गाड्यांनी भडोचला येणारा माल तो नोंदवतो. कल्याण बंदर पूर्वी खुलं होतं पण आता तिथे चुकून गेलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात, हेही तोच सांगतो. जहाज कुठे लागतं यावर जकात कोणाच्या कोषात पडते ते ठरतं, म्हणून ही दांडगाई. भारतात चांदी मुळात कमी, अरवलीतल्या जावरसारख्या काही खाणी सोडल्या तर बाहेरूनच यायची. नहपानाने जी प्रचंड चांदी नाण्यांत उतरवली ती बरीचशी या रोमन दिनारांना वितळवून आली असावी, असं अनेक अभ्यासकांना वाटतं.

नहपानाचं नाणं आहत नाण्यासारखं मुकं नाही. दोन ग्रॅमांहून थोडं जास्त वजन, गोल, एका बाजूला राजाचा एकाच बाजूने दिसणारा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठीत 'राञो छहरातस नहपानस'. तीन लिप्या, कारण तीन तऱ्हेचे वाचणारे.

१९०६ साली सिन्नर तालुक्यातल्या जोगळटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा एक ठेवा सापडला. १३,००० हून अधिक नाणी, सगळी नहपानाची. त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर दुसऱ्याच कुणाचा ठसा मारलेला. एका बाजूला कमानींचा डोंगर, त्याच्याखाली नागमोडी रेघ, भोवती 'राञो गोतमिपुतस सिरि सातकणिस', म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याचं नाव. दुसऱ्या बाजूला चार वर्तुळं जोडणारा क्रूस, ज्याला उज्जैन चिन्ह म्हणतात. नाणं तापवायचं, नव्या ठशांमध्ये धरायचं, हाणायचं. जुना छाप पुसला जातो, पण पुरता नाही. म्हणून कुठे डोंगराच्या कमानीमागून नहपानाचं नाक डोकावतं, कुठे उज्जैन चिन्हाच्या आडून बाणाचं टोक. दुबार ठोकलेलं नाणं ओळखायचं ते याच अर्धवट उरलेल्या रेघांवरून. वरचा छाप नंतरचा, हे उघड असल्याने कोणी कोणाला हरवलं याचा निवाडा शिलालेख न वाचताही होतो. गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री पुढे नाशिकच्याच लेण्यात त्याला 'खखरातवसनिरवसेसकर' म्हणवते, क्षहरातांचा वंश निःशेष करणारा. तिच्या नावाचं नाणं नाही, पण त्या हजारो तुकड्यांवर मुलाच्या नावात तीच पहिली आहे.

वंश निःशेष केला, मग नाणी का नाही वितळवली? विजयाच्या जोशात हे पहिलं सुचलं असतं. माझा तर्क असा. वितळवायला सरपण लागतं, वेळ लागतो, थोडी चांदी मुशीत जाते आणि नवे तुकडे पुन्हा वजनात बसवावे लागतात. हातात तयार वजनाचे, ओळखीच्या कसाचे तुकडे असताना एका घावात काम होतं. पण याहून मोठं कारण गोवर्धनच्या विणकरांकडे आहे. त्यांच्या दप्तरी नहपानाच्या काळातले ३,००० कहापण देणं म्हणून लिहिलेले आहेत. त्यांनी ज्यांना उसने दिले त्यांच्याकडून येणं आहे. व्यापाऱ्यांच्या गाडग्यांत तीच नाणी आहेत. नव्या राजाने जुनं चलन बाद ठरवलं असतं तर नुकसान नहपानाचं नव्हतं, तो मेलेला होता. नुकसान ज्यांच्याकडून जकात घ्यायची त्यांचंच झालं असतं. ठसा बदलला, वजन आणि धातू तसाच ठेवला, की येणीदेणी चालू राहतात आणि तुकडा मात्र कोशप्रवेश्य होतो तो गौतमीपुत्राच्या कोषात. ठेव्यातली चार हजारांच्या आसपास नाणी तशीच, ठसा न मारलेली, इतरांसोबत निघाली. एक तर दोन्ही चालत होती, नाही तर हा गठ्ठाच टांकसाळीच्या वाटेवर होता.

लेण्यातही तसंच घडलं. आपल्या अठराव्या राज्यवर्षात गौतमीपुत्र भिक्षूंना दोनशे निवर्तनांचं एक शेत देतो, जे आजवर उषवदाताचं होतं असं लेखातच लिहिलेलं आहे. सोबत सवलती देतो, की या शेतात राजपुरुषांनी शिरू नये, मिठासाठी खणू नये. मालक बदलला, दान चालू राहिलं. आई त्याचं वर्णन धर्माला धरून कर घेणारा आणि त्याच रीतीने तो खर्चणारा असं करते. कर घेतल्याचं कौतुक राजाच्या विशेषणांत यावं, यावरून तेव्हा तो किती जिव्हाळ्याचा विषय होता ते दिसतं.

सातवाहनांची स्वतःची रोजची नाणी चांदीची नव्हतीच. शिसं, तांबं आणि पोटीन नावाचा मिश्रधातू, यांत त्यांचा बाजार चाले. शिसंसुद्धा भडोचला बाहेरून उतरणाऱ्या मालाच्या यादीत आहे. भाजी, मीठ, मडकं यांच्यासाठी हे, आणि जहाजाचा माल, जमीन, ठेव यांच्यासाठी चांदी, अशी दोन पातळ्यांची व्यवस्था होती. चांदीच्या पातळीवर काय चालावं हे मात्र सातवाहनांना पूर्णपणे ठरवता आलं नाही. गौतमीपुत्राच्या वंशजांनी चांदीची नाणी पाडली तेव्हा डोंगर आणि उज्जैन चिन्ह एका बाजूला गेलं आणि दुसऱ्या बाजूला आला राजाचा चेहरा. क्षत्रपांच्या नाण्यासारखाच, त्याच वजनाचा. पश्चिम किनाऱ्यावरचे सराफ दोन पिढ्या ज्या तुकड्याला सरावले होते, त्याहून वेगळं काही त्यांच्या पुढ्यात ठेवणं जेत्यालाही परवडलं नाही.

असं एक नाणं भगवानलाल इंद्रजींना १८८२ साली सोपाऱ्याचा स्तूप खणताना मिळालं, यज्ञ सातकर्णीचं, न झिजलेलं. चेहऱ्याच्या बाजूला लेख प्राकृतात आहे. मागच्या बाजूला तेच नाव, तीच पदवी, पण तमिळला जवळच्या एका दक्षिणी भाषेत. चेहरा भडोचकडच्या बाजाराला ओळखीचा आणि मागचा मजकूर कृष्णेच्या खोऱ्यातल्या, राज्य आता पसरत होतं तिथल्या लोकांना वाचता येणारा, असा दोन्हीकडचा विचार त्या एका तुकड्यावर आहे.